‘लागणे’ आणि तिसरी ओळ

शब्दकोशाच्या कचेरीत ‘लागणे’ हे क्रियापद कुणालाच नको होतं. माणूस ज्याच्यावाचून सकाळपासून चार वाक्यं बोलू शकत नाही, त्याचे अर्थ वेगळे काढायचे म्हणजे डोक्याला ताप. एकेकाने अंग काढून घेतलं. तिने मात्र होकाराची मान हलवली. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं आणि समोर काम नसलं की तिला एका जागी बसवत नसे.

“ताई, हे घेतलंत म्हणजे निवृत्तीपर्यंतची सोय झाली,” संगणक सांभाळणारा सहकारी म्हणाला.

ती हसली. कुठे हसायचं असतं, ते तिला अजून कळत होतं.

कचेरीत मजकुराचा मोठा संग्रह होता. पुस्तकं, वर्तमानपत्रं, सरकारी कागद आणि थोडी ध्वनिमुद्रित संभाषणं. शब्द टाकला की पडद्यावर ओळीच ओळी येत आणि प्रत्येकीच्या मधोमध तो शब्द उभा असे. आग लागली. निकाल लागला. वाटेत नदी लागते. तो माझा मामा लागतो. मला जावं लागलं. या ढिगातून हाताला येतील तशा काही हजार ओळी घ्यायच्या, वाचायच्या, सारख्या दिसतील त्या एकत्र टाकायच्या आणि मगच व्याख्या लिहायची. ती दिवसभर ओळी वाचे. संध्याकाळी घरी येऊन कुकर लावी. दोन्ही कामं तिला सारखीच वाटत.

घरी सासरे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मागच्या आवृत्तीतली ‘लागणे’ची नोंद त्यांचीच, त्याच कचेरीत बसून केलेली. तेव्हा असा संग्रह नव्हता. अण्णांनी एकसष्ट अर्थ पाडले होते आणि उदाहरणाची वाक्यं स्वतः रचली होती. घरात मुलगा नुकताच रांगत होता, म्हणून सगळीकडे बाळच. बाळाला भूक लागली. बाळाच्या गुडघ्याला लागलं. बाळाला वाचनाची गोडी लागली. बाळाला नोकरी लागली. ज्या पोराला धड उभं राहता येत नव्हतं, त्याला अण्णांनी कोशात नोकरीसुद्धा लावून टाकली होती.

ते बाळ म्हणजे तिचा नवरा.

नव्या आवृत्तीचे नियम वेगळे होते. रचलेलं वाक्य चालणार नाही. आणि अर्थ वेगळा दाखवायचा, तर तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या ओळी हव्यात. शुक्रवारी नोंद समितीपुढे जायची होती. एकदा ती तिथे मंजूर झाली की बाळ कोशातूनही जाणार, हे दोघांना माहीत होतं.

“आण इकडे,” गुरुवारी अण्णा म्हणाले. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्यांनी भिंग काढलं. बराच वेळ वाचलं.

“भूक, तहान, झोप, थंडी. माझे चार अर्थ होते. तू एकातच कोंबलेस.”

“‘त्याला भूक आणि झोप लागली होती’ असं म्हणता येतं, अण्णा. कुणी हसत नाही. ‘त्याला भूक आणि दगड लागला’ म्हणा बरं.”

आतल्या खोलीतून तिची लेक फिसकन हसली.

“बघा. हसू आलं म्हणजे तिथे अर्थ बदलला. भूक आणि झोप यांत फरक आहे, पण तो त्या नामांचा. क्रियापद दोन्हीकडे तेच काम करतंय.”

“म्हणजे मी आयुष्यभर नामं मोजत बसलो.”

“आजोबा, हरलात?” लेकीने आतूनच विचारलं.

“अभ्यास कर तू. अजून डाव माझ्याकडे आहे.” अण्णांनी भिंग व्याख्येवर नेलं. “हे काय? ‘शरीराची एखादी गरज किंवा अवस्था जाणवू लागणे’. सूनबाई, ‘लागणे’ म्हणजे ‘लागणे’? अर्थ शोधायला आलेल्या माणसाला फिरवून फिरवून पुन्हा दारातच आणून सोडलंस.”

तिने वाकून पाहिलं. ती व्याख्या तिने कितीतरी वेळा वाचली होती. समितीत सगळे टेबल बडवून हसले असते. तिने शेवटचा शब्द खोडला आणि नुसतं ‘जाणवणे’ केलं. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

अण्णा पुन्हा वरून खाली गेले. मग थांबले.

“दूध लागणं कुठाय?”

“नाहीये.”

“‘चिकटणे’मध्ये घातलंस?”

“घालून पाहिलं. ‘दूध भांड्याला चिकटलं’ म्हटलं तर करपल्याचा वास येत नाही. अर्थ वेगळाच आहे. पण ओळी दोनच सापडल्या. एक कादंबरीतली, एक पाककृतींच्या सदरातली. लोक हे स्वयंपाकघरात बोलतात, लिहीत नाहीत.”

“मग बोललेल्यांत बघ. ध्वनिमुद्रणं आहेत ना?”

“पाहिली.”

“नीट पाहिलीस?”

ती टेबलावरचा पाण्याचा डाग बोटाने पुसत राहिली. डाग जुना होता.

दोन वर्षांपूर्वी कचेरीने कर्मचाऱ्यांना घरचं बोलणं मुद्रित करून आणायला सांगितलं होतं. तिने यंत्र याच टेबलावर ठेवलं होतं. मागच्या महिन्यात दुधाच्या ओळी चाळताना तिसरी ओळ पडद्यावर आली, तेव्हा कडेचा क्रमांक बघूनच घर कुणाचं ते तिला समजलं. तिने ती ओळ उचलली आणि निकामी ओळींच्या ढिगात टाकली, जिथे टंकनाच्या चुका जातात. आणि पुढची ओळ वाचली.

अण्णांनी एकदा तिच्या बोटाकडे पाहिलं. भिंग पुसून डबीत ठेवलं.

“बाळाची वाक्यं काढलीस ते योग्य केलंस,” ते म्हणाले. “मी खुर्चीत बसून बनवलेली ती. कुणी बोललं नव्हतं तसं.” मग डबीचं झाकण लावून, “पण कुणी खरंच बोललं असेल, तर ते गाळायचा हक्क तुला नाही. मलाही नव्हता.”

शुक्रवारी ती लवकर कचेरीत गेली. बोललेली ओळ कोशात घ्यायची तर मूळ आवाज ऐकून लिखाण ताडून पाहावं लागे. सहकाऱ्याने फाइल शोधून दिली, क्रमांक पाहिला आणि चाचरला.

“ताई, मी ऐकून सांगू का?”

“नको. नोंद माझी आहे.”

तिने हेडफोन चढवला. खुर्ची सरकली. लेक काहीतरी गुणगुणत होती. पेल्यात चमचा फिरत होता. मग नवरा म्हणाला, “अगं, दूध लागलंय बघ. वास येतोय.” त्यावर तिचाच आवाज, “मग उठून गॅस बंद करायला काय झालं होतं?” आणि त्याचं हसणं, घशातल्या घशात.

टंकलेखकाने ‘दूध लागलं बघ’ लिहिलं होतं. तिने पुन्हा ऐकलं. ‘लागलंय’च होतं. तिने ते दुरुस्त केलं. आत काहीतरी होईल म्हणून ती जराशी थांबली. काही झालं नाही. शेजारच्या टेबलावर कुणीतरी कागद फाडत होतं.

ओळ तिने ढिगातून काढून जागेवर ठेवली. व्याख्या लिहिली: ‘(दूध इ.) तापवताना तळाशी करपणे व त्याचा वास पदार्थाला येणे’. उदाहरणापुढे नियमाप्रमाणे टीप दिली: घरगुती संभाषण, पुरुष, वय चाळीस ते पन्नास.

दुपारी समितीने मामाच्या नात्यावर आणि ‘जावं लागणे’वर बरीच डोकेफोड केली. दुधापाशी एका सभासदाने फक्त “तीन आहेत ना?” असं विचारलं. ती “आहेत” म्हणाली. पान उलटलं.

संध्याकाळी तिने मंजूर झालेला कागद अण्णांसमोर ठेवला. त्यांना कुठे बघायचं ते माहीत होतं. भिंग त्या ओळीवर बराच वेळ राहिलं.

“आवाज कसा आहे?”

“स्वच्छ आहे. हवा असेल तर आणते.”

“आत्ता नको.” त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “वय बरोबर लिहिलंयस.”

“हो.”

“पुढचं क्रियापद कोणतं दिलंय?”

“लावणे.”

“अरे देवा,” अण्णा म्हणाले आणि कागद तिच्या हातात परत दिला. ती कुकर लावायला उठली.