रबराची वाकडी रेष

आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते, आणि सरळ रेषेचा मला फार गर्व होता. तार असो की स्प्रिंग, आलेख वाकडा आला की मी वही परत करायची. पोरींनी त्यावर उपाय शोधला होता: पट्टी लावायची आणि आडमुठे बिंदू खोडरबराने गायब करायचे. मला ते कळत होतं, पण मी डोळेझाक करत असे.

रबराच्या पट्टीचा प्रयोग त्या वर्षी नवाच आला होता. वेळ कमी होता, म्हणून मी वर्गात ठोकून दिलं, "तारेसारखाच आहे." नेमका तोच प्रयोग परीक्षेत लाखांदूरहून एसटीने येणाऱ्या एका मुलीच्या वाट्याला आला. पुढच्या प्रवेशासाठी तिला प्रॅक्टिकलचे गुण हवेच होते.

नागपूरहून आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी तिची वही उघडली. तक्त्यातली वाचनं एक सांगत होती आणि आलेखातली छान सरळ रेष दुसरंच.

"हे बिंदू कुठं गेले?"

"पुसले, सर," ती म्हणाली. "वाकडी आली होती. पण मॅडमच्या लॅबमध्ये सरळच येते जी."

परीक्षकांनी हसू दाबलं, मी मान खाली घातली. त्यांनी तिच्या हातात रबराची पट्टी दिली. "हळूहळू ओढ. काय वाटून राह्यलं?"

"आधी जरा ताठ वाटते. मंग सहज लांबते." तिने आणखी ओढली. पट्टी चार-पाच पट झाली तशी तिची बोटं पांढरी पडली. "आता येऊनच नाही राह्यली!"

"काहून?"

तिने पट्टी सैल सोडली. "आतल्या लांब साखळ्या गुंडाळलेल्या असतात, सर. त्या उलगडत असतात तोवर सोपं जाते, पट्टी बारीकही होते. सगळ्या ताणून सरळ झाल्या का मंग उलगडाले काही उरतच नाही."

"म्हणजे जितका भार तितकी लांबी, हा हूकचा नियम?"

"थोड्याशा ताणापुरताच."

"मग तेच कागदावर काढ. पंधरा मिनिटं आहेत."

तिने तक्त्यातले खरे बिंदू पुन्हा मांडले. रेष सुरुवातीला चढली, मधे आडवी होत गेली आणि शेवटी एकदम उभी झाली, जणू ताणलेला इंग्रजी एस. सुंदर! मला इतका आनंद झाला की टाळीच वाजवणार होते.

परीक्षकांनी भरघोस गुण मांडले आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, पोरगी हुशार आहे. पण रबर तारेसारखं, हे हिला सांगितलं कोणी?"

ती घाईने म्हणाली, "माहीच चूक झाली सर, मले नीट आयकू आलं नसन."

ती पहिल्या बाकावर बसायची.

"तिला नीटच ऐकू आलं होतं," मी म्हटलं. "मीच सांगितलं."