एकेकीवर हिरवा ठिपका

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीला होते तेव्हाची गोष्ट. वय चोवीस, डिप्लोमा नवाकोरा आणि जिभेला हाड नाही. लेथवरून स्टीलच्या रिंगा यायच्या, त्या मी मोजायचे. जाडी दहा मिलिमीटर, त्यात दशांशभर कमीजास्त चालेल, असं ड्रॉइंग सांगायचं. मापात असली की हिरवा ठिपका. अशा पाच रिंगा एकीला एक लावून खाली असेंब्लीत एका खाचेत बसवायच्या. खाच पन्नास पॉइंट दोनची.

त्या गुरुवारी असेंब्लीतून निरोप आला की रिंगा खाचेत जातच नाहीत. संध्याकाळी माल निघायचा होता. साहेब खाली आले, अडकलेला सेट हातात घेतला आणि म्हणाले, "सगळ्या रिंगा खराब आहेत. भंगारात टाका. आणि काकांना उद्यापासून पॅकिंगला बसवा."

काका म्हणजे आमचे टर्नर, रोज शहाडहून यायचे. निवृत्तीला चार महिने उरलेले. आयुष्य लेथवर काढलेल्या माणसाला शेवटी खोके चिकटवायला बसवायचं, या विचाराने माझं डोकंच फिरलं. काका मात्र चष्मा पुसत उभे राहिले.

मी मायक्रोमीटर आणला आणि साहेबांच्या नाकासमोर पाचही रिंगा मोजल्या. प्रत्येक दहा पॉइंट शून्य आठच्या आसपास. "बघा साहेब, एकेक पास आहे. पाचही पास, म्हणजे सेट पास. तुमची खाचच चुकलेय."

खाच मोजली. बरोब्बर पन्नास पॉइंट दोन. असेंब्लीतली ताई म्हणाली, "मग तूच बसव की." मी प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून ठोकून घामाघूम झाले. चार गेल्या, पाचवी बाहेर.

"पोरी, त्या पाच एकदम मोज," काका पहिल्यांदाच बोलले.

पन्नास पॉइंट चार. सवलत एकेकीला होती, पण पाचही जणींनी ती जाडीकडेच घेतली होती, त्यामुळे पाच ठिकाणचं थोडं थोडं मिळून खाचेला नकोसं झालं. ड्रॉइंग काढणाऱ्याने पाचांची बेरीज केली नव्हती आणि मीही केली नव्हती. एकेक रिंग चांगली म्हणून सेट चांगला, हे मी छातीठोकपणे सांगत होते, आणि साहेब सेट अडकला म्हणून एकेक रिंग भंगारात काढत होते. दोघंही सारखेच शहाणे.

काकांनी मांडणीवरचा दुसरा ट्रे ओढला. "लेथचं कापायचं टूल नवं होतं तेव्हाच्या या. पातळ आहेत. टूल झिजत गेलं तसा माल जाड होत गेला. तीन जाड, दोन पातळ, असं लाव."

लावलं. अंगठ्याने ढकलल्यावर पाचही आत गेल्या. मला इतका आनंद झाला की मी ताईला मिठीच मारली. मग जेवणाची सुट्टी विसरून आम्ही तिघं सेट जुळवत बसलो. साहेब मागे हात बांधून बघत होते. कुणीतरी चहा आणला तो तसाच गार झाला. चारच्या सुमाराला शेवटचा सेट बसला. साहेब म्हणाले, "म्हणजे काकांचा माल ठीक होता म्हणायचा."

"ठीक काय, एक नंबर," मी म्हटलं. "सगळे सेट बसले साहेब. एकही रिंग वाईट नाही."

काका वाकले. समोरचा बसलेला सेट त्यांनी बाहेर काढला, मधली एक रिंग उचलली, बोटांत फिरवली आणि माझ्यापुढे धरली. "ही मोज."

दहा पॉइंट एक तीन. सरळ सरळ बाद, आणि तिच्यावर माझाच हिरवा ठिपका. दोन पातळ रिंगांच्या मध्ये ती खपून गेली होती.

माझे कान तापले. मनात आलं, अहो काका, आत्ता साहेबांसमोर कशाला? पॅकिंग टळून लेथ वाचला होता, तो कशाला घालवताय?

"सेट बसला म्हणून ही चांगली होत नाही," काका शांतपणे म्हणाले. "माझ्या हातून बिघडलीय. उद्या दुसऱ्या सेटमध्ये गेली तर अडकेल." ती त्यांनी लाल डब्यात टाकली आणि तिच्या जागी दुसरी बसवली.

साहेबांनी डब्यात डोकावून पाहिलं, मग काकांकडे. "टूल झिजल्याचं आधी का नाही सांगितलंत?"

"मापात होतं, म्हणून नाही सांगितलं. सांगायला हवं होतं."

"उद्या नवं टूल काढून घ्या," साहेब म्हणाले. "आणि सकाळी मशीन लवकर चालू करा, पुढचा लॉट तुमच्याकडेच आहे."