शिरूरहून परत येणारं इंग्रजी

माझं मराठी मला पहिल्यांदा नीट दिसलं ते इंग्रजीतून. तेही शिरूरच्या अशा एका माणसाच्या इंग्रजीतून, ज्यांना मी तोवर पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते. नवरा गार्ड, त्यामुळे घरात त्याच्यापेक्षा त्याचा डबाच जास्त दिसायचा. पुण्यातली एक छोटी संस्था मला इंग्रजीवरून मराठी करायची कामं द्यायची. संस्था म्हणजे दोन खोल्या, एक कॉम्प्युटर आणि ती चालवणाऱ्या मॅडम. त्या वर्षी त्यांना मोठं काम मिळालं. नगर रस्त्यावर, शिरूरच्या अलीकडे, कारखान्यांत येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक हॉटेल उभं राहत होतं आणि त्याचे नियम मराठीत हवे होते. काही खोल्यांत ठेवायला, काही भिंतीवर लावायला, काही आसपासच्या गावांतून कामाला घेतलेल्या माणसांना शिकवायला. हॉटेलचं मुख्य ऑफिस दिल्लीला. तिथे मराठीचं अक्षर कुणाला लागत नव्हतं. मग मी लिहिलेलं बरोबर की चूक, हे त्यांनी ओळखायचं कसं?

त्याची एक रीत असते. माझं मराठी दुसऱ्या माणसाकडे जायचं. त्याला मूळ इंग्रजी दाखवायचं नाही. समोरच्या मराठीत जे आहे तेवढ्यावरून त्याने पुन्हा इंग्रजी करायचं. मग मॅडम मूळ इंग्रजी आणि हे परत आलेलं इंग्रजी शेजारी शेजारी ठेवणार, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करून तो तक्ता दिल्लीला आणि मला पाठवणार. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. आम्ही नुसतं ‘उलटं’ म्हणायचो. माझं उलटं शिरूरचे एक निवृत्त शिक्षक करायचे. हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले. मॅडम त्यांना ‘सर’ म्हणायच्या, म्हणून मीही मनातल्या मनात सरच म्हणायला लागले. आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असा मॅडमचा नियम होता. बोललो तर मी सांगणार, ‘मला असं म्हणायचं होतं,’ आणि मग तपासायला उरलं काय.

पहिला तक्ता आला तेव्हा माझा चांगलाच पारा चढला. पानभर लाल खुणा. मुळात होतं की पाहुण्यांनी बारा वाजेपर्यंत खोली रिकामी केलीच पाहिजे. शिरूरहून परत आलं ते असं, की पाहुण्यांना विनंती आहे, जमल्यास बारापर्यंत खोली मोकळी करावी. मी तणतणत माझं मराठी काढून पाहिलं. ‘जमल्यास’ मीच लिहिलं होतं. आलेल्या पाहुण्याला ‘निघा आता’ म्हणायला माझी जीभ रेटली नव्हती आणि ते माझं मलाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या एका ठिकाणी बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत असं होतं. परत आलं, घरून आणलेलं अन्न खाऊ नये. मी खरंच ‘घरून आणलेले’ लिहिलं होतं. माझ्या जगात बाहेरचं खाणं म्हणजे घरून फडक्यात बांधून आणलेल्या दशम्या आणि चटणी. समोरच्या ढाब्यावरून कुणी कोंबडी आणू शकतं, हे डोक्यात आलंच नाही. आणि मौल्यवान वस्तू हरवल्यास हॉटेल जबाबदार नाही, हे वाक्य परत आलं तेव्हा त्यातून हॉटेलच गायब झालेलं. ‘आपल्या वस्तू आपण सांभाळाव्यात,’ एवढंच. कुणी हात झटकतंय, हे कुणाच्या तोंडावर म्हणायचं नाही, अशी आमच्याकडची वळणं. ती माझ्या मराठीतून गेली आणि इंग्रजीतून उघडी पडली.

प्रत्येक खूण म्हणजे माझी चूक, असंही नव्हतं. ‘शांततेची वेळ’ला सरांनी एकदा असं काही इंग्रजी केलं की जणू दोन देशांत तह झालाय. तिथे मराठी ठीक होतं, उलटंच वाकडं होतं. मॅडम मग मराठी उघडून पाहायच्या आणि दोष कुणाचा ते ठरवायच्या. मात्र जिथे दोन्ही इंग्रजी जुळली, तिथे मराठी उघडायचं कारणच नव्हतं.

सर कधीकधी समासात मॅडमसाठी एखादी ओळ लिहायचे. खोली रिकामी करण्याच्या नियमापाशी त्यांनी लिहिलं होतं, ‘लिहिणाऱ्याला ‘निघा’ म्हणायचे आहे, पण संकोच वाटतो.’ मॅडमनी ती ओळ तक्त्याबरोबर मला पाठवली, गमतीनं. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. मला संकोच वाटतो, हे माझ्या घरात इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिथून मला त्या तक्त्यांची ओढ लागली. कुरियरवाला क्वार्टरच्या फाटकाशी दिसला की कुकरखालचा गॅस बारीक करून मी बाहेर यायचे. प्रेमबीम म्हणून कुणी भुवया उंचावू नयेत. सर माझ्या वडिलांच्या वयाचे होते आणि मी त्यांचा चेहराही कधी रंगवून पाहिला नाही. पण आपण लिहिलेलं कुणीतरी शब्द न् शब्द हातात घेऊन बघतंय, आणि त्यात आपण कशा आहोत हेही त्याला दिसतंय, याची मला भूक होती. ती तोवर माहीत नव्हती, इतकंच. आपली पानं शिरूरलाच जात राहावीत, एवढं एकच मी त्या काळात देवाकडे मागत होते.

हळूहळू खुणा कमी झाल्या. लिहिताना मला सर वाचताहेत असं वाटायचं. कुठला शब्द त्यांच्याकडून धड परत येईल, हे मला उमगायला लागलं. तेही मला ओळखायला लागले असणार. हॉटेलचा तिसरा भाग गेला आणि तक्ता कोराच्या कोरा आला, एकही खूण नाही. दिल्लीवाले खूश, मॅडम खूश. मला मात्र तो कोरा तक्ता हातात घेऊन जरा उदास वाटलं.

त्याच भागात पोहण्याच्या तलावाचा फलक होता. हॉटेल सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मांडवगण फराटा गावचं एक कुटुंब तिथे उतरलं होतं. आई पोराला घेऊन तलावाशी आली, त्याला काठावर बसवलं आणि जेवायला आत गेली. बागेत काम करणाऱ्या मामांना ते पोर खोल बाजूला एकटंच पाय सोडून बसलेलं दिसलं. त्यांनी त्याला उचलून आईकडे नेऊन दिलं. पोराला काही झालं नाही. पण मॅनेजरनं मामांना विचारलं, की ती बाई निघून जात होती तेव्हाच का नाही अडवलं?

“बोर्डावर लिवलंय, पोरांना मोठ्यांनी सोबत आणावं,” मामा म्हणाले. “तिनं आणलं व्हतं की सोबत. मंग म्या कशाच्या जोरावर बोलायचं?”

मॅनेजरनं दिल्लीला कळवलं. दिल्लीवाल्यांनी कागद काढले. मुळात स्पष्ट होतं, की मोठ्या माणसानं पूर्ण वेळ मुलाजवळ थांबलं पाहिजे. परत आलेल्या इंग्रजीतही ‘पूर्ण वेळ’ होतं. खूण नव्हती, म्हणून मराठी कुणी उघडलंच नव्हतं. मॅडमनी ते आता उघडलं. माझ्या मराठीत ‘पूर्ण वेळ’ कुठेच नव्हतं.

मॅडमनी आम्हा दोघांना हॉटेलवरच बोलावलं. मी दौंडहून पाटस, वरवंड, चौफुला करत न्हावऱ्यावरून एसटीनं गेले. खोटं कशाला बोलू, साडी निवडायला वेळ लावला होता. सर आधीच येऊन बसले होते. उंच, किडकिडीत, पांढरा सदरा, खिशाला निळ्या शाईचा डाग. मी नमस्कार केला. “या ताई,” एवढंच ते म्हणाले. मॅडमनी तिन्ही कागद टेबलावर मांडले.

“सर, मराठीत नसलेलं तुमच्या इंग्रजीत आलं कुठून?”

सरांनी चष्मा लावला आणि माझं वाक्य वाचलं.

“मला कळलं होतं यांना काय म्हणायचंय ते,” ते म्हणाले. “यांची वाक्यं आता मला पाठ झालीत. ताई पोराला पाण्याशी एकटं सोडायच्या न्हाईत, हे मला ठाऊक होतं. म्हणून लिहून गेलो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना वाटलं, मी चुकीबद्दल रडतेय. खरं तर इतकं कुणी मला कधीच समजून घेतलं नव्हतं, आणि नेमकं तेच तिथे चालणार नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “सर, तुमच्याकडून मला अनोळखी माणसाचं वाचन हवं असतं. फलक वाचणारी बाई यांना ओळखत नाही. तिला जेवढं लिहिलंय तेवढंच दिसणार.” मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं, की यापुढे माझं उलटं नाशिकच्या एक बाई करतील. मी विनवलं. म्हटलं, एकदा चुकलं, आता आम्ही दोघंही सांभाळून राहू. सरांनीच मान हलवली. “न्हाई ताई. मला आता तुमचं कोऱ्या मनानं वाचता यायचं न्हाई,” ते म्हणाले.

नाशिकच्या बाई उत्तम होत्या. जे लिहिलं असेल तेच परत करायच्या, ना कमी ना जास्त. पुन्हा लाल खुणा आल्या, पुन्हा मी त्या दुरुस्त केल्या. कुणालाही काही समजून घ्यावं लागणार नाही, असं लिहायला मी शिकले. तलावाचा फलक तर आता खडखडीत झाला होता. मॅडम वाखाणायच्या, पुढची कामंही भरपूर मिळाली. पण कुरियर आलं तरी मी गॅस बारीक करत नव्हते.

आता आम्ही एकमेकांना तपासत नव्हतो, म्हणजे बोलायची बंदीही उरली नव्हती. हे लक्षात यायला मला एक हिवाळा लागला. मग एकदा मी शिरूरला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कपाटात कोश, पत्नीनं केलेला चहा. बोलणं सगळं गुडघेदुखीचं आणि एसटीच्या खड्ड्यांचं झालं. आम्हाला बोलता येतच नव्हतं. आमची सवय कागदावरची. शेवटी मी पिशवीतून नव्या कामाचं एक पान काढून त्यांच्यापुढे धरलं. तपासायला नाही, म्हटलं, नुसतं वाचा.

त्यांनी ते सावकाश वाचलं. पुन्हा वरून खाली वाचलं. पेन शोधायला हात खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला.

“चोख आहे,” ते म्हणाले. “कुठं बोट ठेवायला जागा न्हाई. पण ताई, यात तुम्ही कुठं दिसत न्हाई मला.”