शिंप्याकडे गेलेला कागद

आमच्या कारखान्याच्या आस्थापना विभागात ताईंना सगळे ‘तीनदा’ म्हणतात. कुठलाही मेल त्या तीनदा वाचल्याशिवाय पाठवायच्याच नाहीत. हे नाव मीच ठेवलं, शेजारच्या टेबलावर बसून त्यांची टिंगल करायला. आता ते नाव उच्चारलं तरी मला कसंतरी होतं.

त्या दिवशी नव्या गणवेशांची मापं ताईंनी शिंप्याला पाठवायची होती. शिंपी सकाळपासून माझ्या डोक्याला ताप देत होता. ताई मात्र दुसराच मेल लिहीत होत्या, कंपनीच्या डॉक्टरांना. आमचा एक क्रेनवाला दोन महिने रजेवर होता. मनाच्या आजारावर त्याची औषधं चालू होती. परत कामावर यायचं तर डॉक्टरांची परवानगी लागणार, म्हणून त्याने सगळे कागद ताईंच्या हातात दिले होते. घरी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं.

‘‘ताई, किती वेळ? पाठवा की एकदाचं! तो शिंपी माझा जीव खातोय,’’ मी त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून ओरडलो.

‘‘थांब रे बाबा,’’ म्हणत त्यांनी पत्ता भरला, बटण दाबलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. क्रेनवाल्याच्या कागदांच्या मेलवर पत्ता शिंप्याचा होता.

‘‘अगं बाई, हे काय केलं मी!’’

मेल परत बोलवायची सोय ऑफिसाबाहेरच्या पत्त्यावर चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मी जवळ वाकून म्हणालो, ‘‘शिंप्याला फोन करा, पुसून टाकायला सांगा, आणि विषय संपवा. मॅडमना कशाला सांगायचं? विनाकारण लफडं!’’

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. ‘‘कागद माझे आहेत का विषय संपवायला?’’ एवढंच म्हणाल्या आणि फोन उचलला.

‘‘दादा, आत्ता माझ्याकडून तुम्हाला चुकून एक मेल आलाय. तो तुमच्यासाठी नाही, गोपनीय आहे. उघडू नका.’’ शिंपी बिचारा म्हणाला, उघडलाय, मापंच असतील असं वाटलं, पहिलं पान वाचलं. ताईंनी डोळे मिटले. मग हळू आवाजात समजावलं: कुणाला पुढे पाठवू नका, कुणाशी बोलू नका, मेल पुसा, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही पुसा, फोनवर फाइल उतरली असेल तर तीही. तेच सगळं त्यांनी एका नव्या, छोट्या मेलमध्ये लिहिलं. जुना मजकूर सोबत जाऊ दिला नाही. ‘पुसल्यावर दोन ओळींत लिहून कळवावे, ही विनंती. चूक माझी आहे, तसदीबद्दल माफ करा,’ हे शेवटी.

त्याच्या उत्तराचीही वाट न बघता त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख, कडक बाई. दार उघडंच होतं. कोणाचे कागद, कोणाला गेले, किती वाजता, त्याने किती वाचले, आपण काय केलं, हे ताईंनी सरळ सांगितलं. फाइलला पासवर्ड नव्हता, हेही. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण ओरडल्या नाहीत. ‘‘बरं झालं लगेच आलात. हे लेखी द्या, मी वर कळवते. आणि क्रेनवाल्याला आपणच सांगायचं, आजच.’’

लेखी कागदावर ‘कारण’ असा एक रकाना होता. ताईंनी लिहिलं, ‘पाठवण्यापूर्वी पत्ता तपासला नाही.’ मी घाई केल्याचा उल्लेखही नाही. मी ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि गप्प बसलो. लाज वाटली, तरी गप्प बसलो.

‘सगळीकडून पुसलं, कुणाला सांगितलं नाही,’ असं शिंप्याचं उत्तर दुपारी आलं. संध्याकाळी क्रेनवाला आला. मॅडमनी साक्षीला मलाही बसवलं. ताई म्हणाल्या, ‘‘दादा, तुमचा विश्वास मी मोडला.’’ आणि सगळं सांगितलं. तक्रार करायचा त्याला हक्क आहे, हेही सांगितलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघत म्हणाला, ‘‘ताई, तुम्ही सगळं तीनदा बघता म्हणून तर तुमच्याकडे दिलं होतं.’’ मग म्हणाला, ‘‘रजेमुळे माझं गणवेशाचं माप राहिलंय. उद्या ते द्यायला त्याच दुकानात जायचंय ना मला?’’

ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. ‘‘मॅडम, त्या तपासतच होत्या. पाठीमागे उभा राहून ओरडत मी होतो. आणि तुम्हाला सांगू नका, असं म्हणणाराही मीच.’’

मॅडमनी तो लेखी कागद माझ्यापुढे सरकवला. मी ताईंच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली आणि सही केली. मग ड्रॉवरमधली मापाची टेप काढली आणि क्रेनवाल्याला विचारलं, ‘‘माप मी घेतलं तर चालेल का?’’

त्याने मान हलवली. ‘‘तुम्ही नको,’’ म्हणाला. ‘‘ताई घेतील.’’