तिने विहीर जवळ केली

मैत्रिणीची लेक कार्डिफला एम.ए. करत होती. गावात नळ येण्याआधी बायका पाणी कुठून आणि कसं आणत, हा तिच्या प्रबंधाचा विषय. माझ्या माहेरच्या बाजूच्या एका गावात जाऊन तिनं म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. जन्म इथला, इंग्लंडमधला, त्यामुळे गावाकडची बोली तिला निम्मी कळायची. उरलेल्या निम्म्यासाठी ती शनिवारी ट्रेननं कॉव्हेंट्रीला माझ्याकडे यायची.

मी म्हटलं होतं, एवढी कशाला येतेस, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. तर तिनं मलाच झापलं. रेकॉर्डिंग तिच्या लॅपटॉपबाहेर जाणार नव्हतं, आणि ऐकण्याआधी मला गोपनीयतेच्या कागदावर सही करावी लागली. माझ्या पोटात काही राहत नाही हे हिला कुणी सांगितलं, असं मनात आलं. सही केली.

कामाची रीत साधी होती. मी हेडफोन लावून ऐकायचं, तिचं इंग्रजी भाषांतर तपासायचं, आणि माणूस, गाव, देऊळ, ओळख पटेल असं काहीही आलं की ते काढून दुसरं घालायचं. मुलाखत देणाऱ्यांची खरी नावं एका वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये. ऐंशीच्या म्हातारीला तिनं आजच्या पोरीटोरींचं नाव दिलं होतं, ते मी हसत हसत बदललं. बारशाची हौस भागत होती माझी त्यात, खोटं कशाला बोलू?

सातव्या मुलाखतीतली आजी आपल्या धाकट्या जावेबद्दल बोलत होती. पोरीनं भाषांतर केलं होतं: ‘मग ती विहिरीजवळ राहायला गेली.’ शेजारी शेरा होता, पाण्याची सोय सुधारली. मी हेडफोन लावला. आजी म्हणत होती, “मग तिनं विहीर जवळ केली.”

मी हेडफोन काढून ठेवला.

“मावशी, माझा काय चूक झाला?” पोरगी म्हणाली. “विहीर जवळ आली म्हणजे गुड थिंग ना?”

मी तिला सांगितलं, बाई जीव देते तेव्हा आपल्याकडे असं म्हणतात. आजीसमोर बसून तिनं ‘हो का, छान’ म्हटलं होतं, ते रेकॉर्डिंगमध्ये होतं. आम्ही दोघींनी ते ऐकलं.

त्यानंतर आजी खालच्या आवाजात म्हणाली, घरच्यांनी पाणी भरताना पाय घसरला म्हणून सांगितलं, पण घागर घरातच होती. दीर, म्हणजे तिचा नवरा, अजून त्याच घरात आहे, त्याला ताट मीच वाढते. मग तिनं जावेचं नाव घेतलं आणि म्हणाली, “त्येवढं नाव लिवून ठिव, बाई. आमच्या घरात कुणी घेत न्हाई.”

पोरीचं म्हणणं, आजीनं स्वतः मागितलंय, तर नाव ठेवायलाच हवं. मी तिच्यावर चिडले. जावेचं नाव छापलं की सांगणारी कोण, हे गावात शेंबडं पोरही सांगेल, आणि म्हातारीला राहायचंय त्याच दिराच्या घरात. आजीला पुन्हा विचारायचं तर घरात फोन एकच, नातवाचा, आणि तो स्पीकरवर लावून देणार. तिच्या मार्गदर्शक बाईंनीही तेच सांगितलं: सगळ्यांची नावं बदलण्याचं लेखी कबूल केलंय, आणि इथे तर धोका आहे. मग नाव मीच पुसलं. त्या जागी दुसरं बसवलं, तेवढ्याच अक्षरांचं. जावेचं खरं नाव आमच्या त्या वेगळ्या फाइलमध्येही गेलं नाही, कारण तिथे फक्त मुलाखत देणाऱ्यांची नावं होती.

सगळं तपासून झाल्यावर, कबूल केल्याप्रमाणे, पोरीनं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तिनं मला फोन करून सांगितलं आणि रडली. नाव तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं, परक्या कानात अशी नावं टिकत नाहीत. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, मलाही आठवत नाही.

आठवतं. केटल उकळते तेव्हा आठवतं, बसस्टॉपवर आठवतं, आजीच्या आवाजात, दबकं, जरा हेल काढून. एकदा भांडी घासता घासता मी ते मोठ्यानं म्हटलं आणि नळ बंद करून उभी राहिले. कुणी ओ दिली असती तर मला नवल वाटलं नसतं, इतकी मी घाबरले होते.

मी बरोबर वागले, हे मला कळतं. आजीनं मात्र एकच गोष्ट मागितली होती, आणि ती द्यायला आता माझ्याशिवाय कुणी नाही. हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, शेवटपर्यंत धीर होईल. पण म्हातारी अजून जिवंत असेल, अजून त्याला ताट वाढत असेल. मी तिच्या जावेचं नाव इथेही लिहिलेलं नाही.