समजलं म्हणून कापलेले फोन

माझ्या थोरल्या भावाचे फोन मी महिनाभर कापत होतो. त्यातला एक मी जाणूनबुजून कापला, बाकीचे माझ्या हाताने कापले. या दोन गोष्टींत फरक आहे असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

मी कामतघरला एका लूमच्या कारखान्यात जॉबर आहे. लूम बिघडला की तो दुरुस्त करायचा, हे माझं काम. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कानाचं जे व्हायचं ते झालंच. घरात टीव्हीचा आवाज वाढत गेला, तेव्हा मुलीने मला इअरबड्स आणून दिले. "पप्पा, हे घातले की बाहेरचा आवाज कमी होतो. आणि फोन खिशातून काढायची पण गरज नाही," ती म्हणाली आणि मला शिकवायला बसली. बडवर बोटाने एकदा टॅप केलं की गाणं थांबतं, पुन्हा केलं की सुरू होतं, लागोपाठ दोनदा केलं की पुढचं गाणं लागतं. फोन आला की दोनदा टॅप करून उचलायचा, बोलून झालं की दोनदा टॅप करून ठेवायचा. नको असलेला फोन वाजत असेल तर बोट दाबून धरायचं, तो कट होतो. आणि फोन नसताना बोट दाबून धरलं तर फोनमधली बाई विचारते, मी काय मदत करू.

मी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि शेवटी दोन बोटांनी कानावर दोनदा टकटक केलं. लगेच गाणं बदललं. मुलगी हसली, मीही हसलो. नेमकं काय झालं ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमच्या कारखान्यात तोंडाने बोलून कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. मनगट फिरवलं म्हणजे पाळी बदलली. अंगठा तोंडाकडे नेला म्हणजे चहा. दोन बोटांनी कानावर दोनदा टकटक केलं म्हणजे समजलं. आणि बोट कानावर दाबून धरलं म्हणजे, या लूमचा आवाज बिघडलाय, जरा ऐक. या खुणा मला कुणी शिकवल्या नाहीत, पाहून पाहून अंगात भिनल्या. मी घरी बायकोलाही तसंच उत्तर देतो. तिला वाटतं माझा कान खाजतो.

पहिल्याच आठवड्यात शेठच्या केबिनच्या दारात उभा राहून मी त्यांना एक बिघडलेला लूम दाखवत होतो. बोट आपोआप कानावर गेलं आणि दाबलं गेलं. कानात बाई म्हणाली, "मी काय मदत करू?" मी गडबडून मोठ्याने म्हणालो, "दोन मिनिटं थांबा!"

शेठ थांबले. बाईने मात्र दोन मिनिटांचा टायमर लावला. मी लूमजवळ जाऊन वाकलो, तोच कानात टिंग टिंग वाजायला लागलं. असला आवाज मी आयुष्यात कुठल्या लूममधून ऐकला नव्हता. मी घाबरून तो लूम बंद केला. टिंग टिंग चालूच. मग शेजारचा केला, मग त्याच्या शेजारचा. चार लूम बंद झाल्यावर शेठ धावत आले.

"आग लागली का?"

मी कानावर दोनदा टकटक केलं. टायमर थांबला. शेठ म्हणाले, "काय समजलं? मला पण सांग ना."

मुलीने त्या संध्याकाळी ॲप उघडलं आणि दाबून धरण्यापुढे 'काहीही नाही' असं निवडून ती बाई बंद केली. मी निश्चिंत झालो. फोन नको असेल तेव्हा दाबून धरलं की कट होतो, ते तिने तसंच ठेवलं. त्याची सेटिंग वेगळ्या पानावर होती.

आता मूळ गोष्ट सांगतो. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि साखरपुडा महिन्यावर आला होता. वडील गेल्यापासून आमच्या घरात वडिलांचा मान दादाचा आहे. तो अंबाडीच्या पुढे गावच्या घरी राहतो. साखरपुडा कामतघरला हॉलमध्ये करायचा असं मी त्याला न विचारता ठरवलं होतं. दुपारी मी डबा खात होतो आणि त्याच्यासाठी लावलेली वेगळी रिंग कानात वाजली. मला वाटलं, हा म्हणणार की गावीच कर, घराच्या अंगणात कर. मी बोट कानावर ठेवलं आणि दाबून धरलं. रिंग थांबली. फोन खिशातच होता, हातातला घासही खाली ठेवावा लागला नाही. इतक्या सहज मी कधी पाप केलं नव्हतं.

त्यानंतर त्याचे फोन मी उचलत गेलो. पण एकही पुरा झाला नाही. दादा म्हणायचा, "मुलाकडची मानसं किती येनार?" मी सांगायचो. तो म्हणायचा, "बरं, आता मी काय सांगतो ते नीट आयक..." आणि फोन बंद. मी परत लावायचो. "तू माझा आयकतोस का न्हाय?" म्हणून तो ओरडायचा आणि फोन बंद. माझ्या मते रेंज जात होती. दादाच्या मते मी माजलो होतो.

शेवटी त्याने माझ्या बायकोला फोन केला. "त्याला सांग, साखरपुडा त्याचा त्यानंच कर म्हनावं. थोरल्या भावाच्या तोंडावर फोन आपटतो. मी येनार न्हाय."

मुलीने हे ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, "मोठे बाबा नसतील तर मी पाटावर बसणार नाही." साखरपुड्याला सहा दिवस होते.

तिने पुन्हा ॲप उघडलं. कारखान्यातली कापसाचं तूस कानावर बसतं, ते पुसताना माझं बोट लागत असेल असा तिचा अंदाज होता. तिने एक टॅप, दोन टॅप, तीन टॅप, सगळ्यांपुढे 'काहीही नाही' केलं. आता कितीही टकटक केलं तरी गाणं हलेना. मोठ्या आशेने मी दादाला फोन लावला.

"दादा, माझी चूक झाली."

"चूक कबूल हाय ना? मग आता गप ऱ्हा आनि आयक. समजला?"

फोन बंद झाला. मुलीने माझा फोन घेऊन पाहिला. या वेळी तर रेंजही पूर्ण होती.

कोडं सोडवलं ते आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराने. सगळे त्याला चाचा म्हणतात. दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिताना मी कानात बड्स घालून बायकोशी बोलत होतो. ती म्हणाली, येताना नारळ आणा. फोन बंद झाला. चाचा मिशीत हसत होते.

"जॉबर, बीबी से झगड़ा है क्या?"

"नाही हो चाचा. का?"

"तो उसका फोन क्यों काटा?"

"मी नाही कापला. आपोआप कटतो."

"आपोआप?" चाचांनी पेला खाली ठेवला आणि दोन बोटांनी स्वतःच्या कानावर दोनदा टकटक केलं. "अभी तुमने ये किया. उसने कुछ बोला, तुमने बोला समझ गया, और फोन कट. मैं तो रोज़ देखता हूँ. मुझे लगा तुम्हारे यहाँ ऐसेच फोन रखते हैं."

मी माझ्या दोन बोटांकडे पाहिलं. म्हणजे जेव्हा जेव्हा दादाचं म्हणणं मला पटलं, नेमका तेव्हाच मी त्याचा फोन तोंडावर आपटला होता. मी वाद घातला असता तर आमचं बोलणं पुरं झालं असतं.

घरी गेल्यावर मुलीने शोधलं. ॲपमध्ये गाण्यांचे टॅप एका पानावर होते आणि फोनचे टॅप दुसऱ्या. गाण्यांचे तिने बंद केले होते. फोन उचलायचा आणि ठेवायचा तो दोनदा टॅप तिनेच चालू ठेवला होता, नाहीतर पप्पा फोन उचलणार कसे, म्हणून. सगळ्यात वर सगळंच टच बंद करायचं एक बटण होतं. तिने ते दाबलं. "आता बड म्हणजे नुसता दगड. काही करायचं असेल तर फोनवरूनच," ती म्हणाली.

रविवारी सकाळी मी गावी गेलो. दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. त्याने मला बस म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या त्याला सगळं सांगितलं, खुणा करून दाखवल्या, चार लूम बंद पडल्याचंही सांगितलं. वहिनी दारात येऊन ऐकत होती. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. दादाची मान हळूहळू सैल होत गेली.

"म्हंजे तू हो म्हनत व्हतास?"

"दर वेळी."

"सगले फोन असंच कापलंस?"

इथे हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. दादा उठला असता, मला चहा मिळाला असता. पण माझ्या तोंडून निघालं, "पहिला नाही. पहिला मी कापला. तू गावी कर म्हणशील म्हणून."

वहिनीचं हसणं थांबलं. दादाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तो मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "बाकीचं तू उचललंस तरी. तो वाजता वाजता तुटला."

"चुकलो, दादा."

"त्या दिवशी मला काय बोलायचा व्हता ते तरी इचारलंस?"

"काय?"

"असा न्हाय. तो फोन आता घे."

त्याने खिशातून फोन काढला आणि समोर उभ्या असलेल्या मला फोन लावला. मी बड्स कानात घातले, फोनवरून उचलला. दादा माझ्यापासून चार हात लांब बसून मोठ्याने फोनमध्ये बोलू लागला. त्याचा आवाज आधी अंगणातून यायचा, मग क्षणभराने कानातून.

"हालो. मुलाकडची मानसं मालकरी हायेत का?"

"काय?"

"मालकरी! मटन खातात का? हलदीला मी बोकड सांगून ठेवला हाय. ह्येच इचारायचा व्हता."

"खातात," मी म्हणालो.

मग तो थांबेना. हॉल चांगला आहे, पण पंगत कुठल्या बाजूला बसवायची, मामाला कधी बोलवायचं, नारळ किती घ्यायचे. प्रत्येक वाक्याला माझी दोन बोटं कानाकडे जात होती, टकटक, टकटक. फोन चालूच राहिला. दादा प्रत्येक वेळी माझ्या हाताकडे पाहून मान हलवायचा आणि पुढे बोलायचा. पाव तास आम्ही असे एकमेकांसमोर फोनवर बोललो. रस्त्याने जाणारी एक बाई थांबून वहिनीला विचारून गेली, यांचं भांडण चालू आहे का.

"बरा," शेवटी दादा म्हणाला. "साखरपुड्याला मी आदल्या दिवशी येतो. पोरीला सांग, पाटावर बस म्हनावं. ठेव आता फोन."

मी कानावर दोनदा टकटक केलं आणि वाट पाहिली. दादाही फोन कानाला लावून वाट पाहत होता. काहीच झालं नाही. मी पुन्हा केलं.

"अरं ठेव ना," दादा म्हणाला, आणि कानातूनही म्हणाला.

"तू ठेव."

"थोरल्यानं आधी ठेवू नये. तू ठेव."

वहिनी पायऱ्या उतरून आली, दादाच्या हातातून फोन घेतला आणि बटण दाबून तो बंद केला. "चहा ठेवते," ती म्हणाली. "बसा आता दोघं."