हृदयविभाग, चौथा मजला

"दोन ओळी, उत्तराताई. फक्त दोन ओळींची जागा मागताय तुम्ही, पण कार्डावर ती नाहीच आहे!"

"पुरस्काराचं चिन्ह काढ. होतील दोन ओळी."

"ते वरून आलंय."

"ही ओळपण वरूनच आलीय, शौनक. फार वरून."

"म्हणजे?"

"काही नाही. तू कात्री चालव."

अंधेरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, रुग्णांना द्यायची पत्रकं तयार होतात त्या खोलीत हे चाललं होतं. शौनक त्या पत्रक विभागाचा प्रमुख, वय बत्तीस. उत्तराताई बासष्टच्या. तिथली मराठी पत्रकं त्याच लिहायच्या. टेबलावर आधार कार्डाएवढा एक नमुना पडला होता. हृदयाच्या नळीत स्टेंट, म्हणजे जाळी बसवून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते कार्ड ठेवतात. सध्याचा मजकूर चाळीस शब्दांचा. शौनकला तो पंचवीसवर हवा होता, आणि उत्तराताई दोन ओळी वाढवा म्हणून आल्या होत्या.

या कामात त्या शिरल्या सासूबाईंमुळे. सासूबाईंनी कानात घालायचे थेंब डोळ्यात घातले. बाटलीवर सगळं इंग्रजीत होतं आणि घरी दुसरं कोणी नव्हतं. डोळा वाचला, पण तेव्हा प्रूफं तपासून घर चालवणाऱ्या उत्तराताईंनी ठरवलं की औषधाचं मराठी आपण लिहायचं. बावीस वर्षं लिहिलं. कुठल्याच पत्रकावर नाव नाही. फक्त छपाईच्या आधी मंजुरीच्या कागदावर त्यांची सही लागते, 'मराठी मजकूर योग्य' अशी.

त्यांची एक पद्धत होती. मजकूर झाला की तो सखुबाईला वाचून दाखवायचा. सखुबाई खारदांड्याची, मंगळवारी आणि शुक्रवारी सोसायटीत पाटी घेऊन यायची. उत्तराताई दारातच वाचायच्या, पापलेट निवडता निवडता. "समजलं का?" असं कधीच विचारायच्या नाहीत. समजलं म्हणून तर सगळेच मान हलवतात. त्या विचारायच्या, "मग आता तू काय करशील?"

कार्डाचा पहिला मसुदा दोनशे शब्दांचा होता. शौनक म्हणाला, कमी करा. त्यांनी केला आणि मनात त्याचे आभार मानले, कारण गेली ती सगळी त्यांचीच हौस होती, 'आपले हृदय अनमोल आहे' वगैरे. पुन्हा कमी करा म्हणाला. नव्वद झाले. मजकूर आणखी सुटसुटीत झाला. तिसऱ्यांदा साठवर आणला. घाम फुटला, पण जमलं. त्यात लिहिलं होतं: 'या दोन गोळ्या आमच्या हृदयविभागाला विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका. दात काढायचा असेल, दुसऱ्या डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितलं असेल, तरी आधी आम्हाला फोन करा.'

"समज, तुझी दाढ दुखतेय," उत्तराताईंनी विचारलं. "दातांचा डॉक्टर म्हणतो, गोळ्या थांबव. काय करशील?"

"तुमच्या हॉस्पिटलला फोन लावीन. इथं लिवलंय ना." सखुबाईने कोयती पुसली. "पण ताई, हे नसतं लिवलं तर मी थांबवल्या असत्या. तोपण डॉक्टरच की."

मग क्यूआर कोड आला. त्याला जागा हवी होती.

"चौथ्यांदा, शौनक?"

"शेवटचं. चाळीस करा ना, प्लीज. दाताचं उदाहरण काढू. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका.' झकास बसतंय. डॉक्टर म्हणजे आम्हीच ना?"

"वाचणाऱ्याला कसं कळणार की तुम्हीच?"

"ताई, कार्ड आमचं आहे. वर लोगो आहे. तुम्ही फार बारीक विचार करता यार."

तेव्हापर्यंत प्रत्येक वेळी तोच बरोबर ठरला होता. तीनदा कापलं आणि तीनदा मजकूर सुधारला. चौथ्यांदा नाही म्हणणारी बाई म्हणजे आपल्या शब्दांना चिकटून बसलेली म्हातारी. उत्तराताईंनी सही केली.

पुढच्या शुक्रवारी सखुबाई आली. उत्तराताईंनी बांगडे घेतले. वाचून काहीच दाखवलं नाही.

त्यानंतर दीड वर्षाने सखुबाईच्या नवऱ्याच्या, चंदूच्या छातीत कळ आली. आमच्या हॉस्पिटलला ने, म्हणून उत्तराताईंनीच सांगितलं. जाळी बसली. चंदू आठवड्यात घरी आला. तिसऱ्या महिन्यात त्याची दाढ सुजली. बाजारातल्या दातांच्या डॉक्टरकडे गेला आणि खिशातलं कार्ड काढून म्हणाला, यात डॉक्टरांना विचारायला सांगितलंय, म्हणून विचारतो. डॉक्टर म्हणाला, रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत, दोन्ही पाच दिवस थांबवा. मग दाढ काढू.

पाचव्या दिवशी सकाळी चंदू जाळं शिवायला बसला तो तिथेच आडवा झाला, उठलाच नाही. हृदयातल्या जाळीत रक्ताची गुठळी अडकली होती.

महिन्याभराने सखुबाई आली, पाटीशिवाय. चहा घेतला नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढून उत्तराताईंच्या हातात दिलं.

"ताई, तू शिकलेली. वाच आणि सांग. आमचं कुठं चुकलं?"

उत्तराताईंनी स्वतःचे चाळीस शब्द मोठ्याने वाचले.

"तुमचं काही चुकलं नाही, सखुबाई."

"मग?"

उत्तराताईंनी कार्ड तिला परत दिलं. दाताची ओळ आपल्याच सहीने निघाली, हे सांगितलं नाही. सखुबाई पिशवीची गाठ मारून निघून गेली. आता ती सोसायटीत येत नाही.

तेच कार्ड आज शौनकच्या टेबलावर होतं, आणि त्याचा नवा मजकूर असा: 'गोळ्या नियमित घ्या. अधिक माहितीसाठी कोड स्कॅन करा.'

"पंचवीससुद्धा नाहीत. बावीस आहेत, बाकीचं धरून," शौनक म्हणाला. "खरंच, यात चुकीचं काय आहे ते दाखवा."

"चुकीचं काहीच नाही. त्यात काहीच नाही."

"सगळं कोडमध्ये आहे! दाताचं, ऑपरेशनचं, सगळं!"

"चंदूकडे बटणाचा फोन होता."

"कोण चंदू?"

त्यांनी सांगितलं. दाढ, पाच दिवस, जाळं. मध्ये एकदा शौनकने नमुना उचलला आणि पुन्हा ठेवला.

"वाईट झालं," तो म्हणाला. "मनापासून. पण ताई, सॉरी, तो दातांचा डॉक्टर चुकला. आमचं कार्ड नाही."

"तो चुकलाच. तो चुकेल हे मला माहीत होतं म्हणून तर ती ओळ होती."

"आणि सोमवारी हे छपाईला जातंय. तुम्ही सही नाही केलीत तर दुसरं कोणी करेल. करतात. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

शौनकने कपाटातून जुनी फाइल काढली, पानं उलटली आणि एक कागद त्यांच्यासमोर सरकवला. चाळीस शब्द. खाली 'मराठी मजकूर योग्य'. खाली त्यांची सही, नेहमीसारखी स्वच्छ.

"मी मागितलं, मान्य. माझं कामच ते. मला मराठीतलं इतकं कळत नाही, म्हणून तर तुम्ही होतात." त्याचा आवाज खाली आला. "तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना? मग सही का केलीत?"

उत्तराताईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. नव्या कागदाशेजारचं पेन उचललं, टोपण लावलं आणि परत होतं तिथे ठेवलं. पर्स खांद्याला लावून त्या दाराकडे निघाल्या.

"ताई, मी विचारतोय."

दार आपोआप बंद होणारं होतं. त्याला वेळ लागला.